टॉवेल कारखान्याची फर्म प्रायव्हेट लिमिटेड करताना: मालमत्ता कशी जाते आणि कामगारांची जुनी सर्व्हिस कशी टिकते

प्रश्न: "सर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे, पार्टनरशिप फर्म, मोठे बंधू, मी आणि पुतण्या. आता प्रायव्हेट लिमिटेड करायचंय. प्लॉट, लूम, बँकेचं लोन हे सगळं कंपनीच्या नावावर कसं जाणार, सेल डीड करावं लागेल का, टॅक्स बसेल का? आणि ३४ कामगार आहेत, त्यांच्यात कुजबुज चालूय की जुनी सर्व्हिस गेली, पीएफ काढून घ्या. त्यांना काय सांगू?"

उत्तर:

साहेब, आधी सेल डीडचं सांगतो, कारण तिथंच लोक निम्मी चूक करून बसतात. सेल डीड करायचं नाही. म्हणजे करू नका असंच सांगतोय मी. कंपनी कायदा २०१३ मध्ये प्रकरण २१ चा पहिला भाग आहे, कलम ३६६ ते ३७४, त्याखाली अख्खी फर्मच कंपनी म्हणून रजिस्टर होते. नवी कंपनी काढून तिला फर्मने माल विकला असं होत नाही, तीच फर्म अंगरखा बदलते म्हणा ना. कलम ३६८ म्हणतं की रजिस्ट्रेशन झालं त्या दिवशी फर्मची सगळी मालमत्ता, जंगम, स्थावर, येणी, सगळं आपोआप कंपनीत निहित होतं, आणि ३६९ मुळे देणी पण तशीच पाठोपाठ जातात. पूर्वी याला सात पार्टनर लागायचे म्हणून छोट्या फर्मा या वाटेला जात नव्हत्या, ऑगस्ट २०१८ पासून दोन पुरतात, तुम्ही तिघं आहात म्हणजे प्रश्न नाही.

जुन्या कायद्यात हाच प्रकार पार्ट नाइन म्हणून होता आणि त्यावर मुंबई हायकोर्टाचा २००३ चा टेक्सस्पिन इंजिनिअरिंगचा निकाल आहे, की अशा रूपांतरात कोणी कोणाला मालमत्ता विकतच नाही, त्यामुळे फर्मला कॅपिटल गेन बसत नाही. आता गंमत बघा, हा एवढा चांगला आधार हातात असताना काही लोक वरून एक बिझनेस टेकओव्हर अ‍ॅग्रीमेंट करून ठेवतात आणि त्यात लिहितात "फर्म याद्वारे सर्व मालमत्ता अमुक रकमेला कंपनीस विकत व हस्तांतरित करत आहे". झालं! स्वतःच्या सहीने विक्रीचा कागद तयार केला, आता स्टॅम्पवाला पण विचारणार आणि इन्कम टॅक्सवाला पण. कागद करायचा असेल तर तो फक्त नोंदीचा करा, की अमुक तारखेला कलम ३६८ प्रमाणे खालील मालमत्ता व देणी कंपनीत निहित झाली आहेत, आणि खाली यादी. मोबदला म्हणून फक्त शेअर. आणि कंपनीच्या मेमोरँडममध्ये पहिल्या उद्देशात स्पष्ट येऊ द्या की ही फर्म चालू धंदा म्हणून या भागाखाली रूपांतर करून घ्यायची.

आता आपोआप जाते म्हटलं तरी काय जातं? फर्मचं जे असतं तेच जातं. हे वाक्य साधं वाटतं पण सोलापुरातल्या घरगुती फर्मांत सगळा घोळ इथंच असतो. एक केस सांगतो, टॉवेलवालेच, तुमच्यासारखेच तिघं, दोन भाऊ आणि थोरल्याचा मुलगा, आकडे थोडे गोल करून सांगतो. एमआयडीसीचा प्लॉट फर्मच्या नावाने लीजवर, लूम फर्मच्या बॅलन्सशीटला, पण साखर पेठेतलं सूत ठेवायचं गोडाऊन थोरल्या भावाच्या स्वतःच्या नावावर. वीस वर्षं फर्म वापरतेय, पत्रे फर्मच्या पैशाने बदलले, सगळे म्हणतात "आपलंच आहे की". पण बॅलन्सशीटला नाही, फर्मच्या भांडवलात कधी आणलं असा कागद नाही, म्हणजे ते फर्मचं नाहीच. ते कंपनीत गेलं नाही आणि जायला पण नको होतं. आम्ही ते बाहेर ठेवलं आणि कंपनीबरोबर भाडेकरार केला, थोरल्यांना भाडं चालू झालं, उलट बरंच झालं. तेच टेम्पोचं उलटं, आरसी धाकट्याच्या नावावर पण बॅलन्सशीटला फर्मचा, घसारा फर्म घेतेय, म्हणजे तो फर्मचा, आरटीओत नाव बदलून कंपनीकडे आणावा लागला. तेव्हा पहिलं काम एवढंच करा की कारखान्यात, गोडाऊनमध्ये फिरून एकेका वस्तूपुढे विचारा, हे कोणाच्या नावावर आणि हे पुस्तकात आहे का.

एमआयडीसीचा प्लॉट मालकीचा नसतो, ९५ वर्षांची लीज असते, त्यामुळे कलम ३६८ ने हक्क गेला तरी एमआयडीसीच्या दप्तरी नाव बदलायला त्यांची परवानगी लागते आणि त्यांची फी असते. आधी लेखी अर्ज टाका, की तेच भागीदार तेच शेअरहोल्डर आहेत, फक्त रचना बदलतेय, आणि त्यांचं उत्तर हातात आल्यावरच पुढची पावलं टाका. स्टॅम्पबद्दल पण मनात किडा ठेवू नका, महाराष्ट्र स्टॅम्प कायद्याच्या कलम ३१ खाली तो नोंदीचा कागद अ‍ॅडजुडिकेशनला टाकता येतो, कलेक्टर ऑफ स्टॅम्प्स ठरवून देतात किती लागतो की नाही लागत, दहा वर्षांनी बँकेचा वकील सर्च काढेल तेव्हा तो शिक्का कामाला येतो.

टॅक्सचं बघू. टेक्सस्पिन आहे, पण मी क्लायंटला नुसत्या निकालावर बसवत नाही, आयकर कायद्याच्या कलम ४७(१३) च्या अटी पण पाळायला लावतो, म्हणजे दोन्हीकडून कुंपण. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा आलाय आणि कलमांचे नंबर बदललेत, पण ऑफिसात सगळे अजून ४७(१३) च म्हणतात म्हणून मी पण तेच लिहितो. अटी चार. धंद्याची सगळी मालमत्ता आणि सगळी देणी कंपनीकडे गेली पाहिजेत, निवडून निवडून नाही. सगळे पार्टनर शेअरहोल्डर झाले पाहिजेत. पार्टनरला शेअर सोडून दुसरं काही मिळता कामा नये. आणि या पार्टनरांकडे मिळून निदान ५० टक्के मतं पाच वर्षं राहिली पाहिजेत. मोडली अट तर वाचलेला टॅक्स त्या वर्षी कंपनीच्या डोक्यावर.

दुसऱ्या अटीत एक शेपूट आहे ते कोणी नीट वाचत नाही. शेअर कोणत्या प्रमाणात द्यायचे? सगळे म्हणतात नफ्याच्या प्रमाणात. नाही. रूपांतराच्या तारखेला कॅपिटल अकाउंटला जी बाकी आहे त्या प्रमाणात.

आमच्या त्या केसमध्ये नफा ४०:४०:२० होता आणि तिघांनी घरी ठरवून टाकलेलं की शेअर पण तसेच. पुस्तक उघडलं तर कॅपिटल थोरल्याचं ६० लाख, धाकट्याचं ३६ लाख, पुतण्याचं ४ लाख. थोरले पैसे उचलत नाहीत, धाकट्याने घर बांधलं, पुतण्या परवा आलेला, असं होतंच. म्हणजे कायद्याने शेअर ६०, ३६, ४ टक्के. धाकटे एकदम गप्पच झाले, कारण थोरल्याकडे ६० टक्के म्हणजे साधा ठराव त्यांच्या एकट्याच्या सहीने पास.

आणि मी अजून एक विचारलं, ग्रॅच्युइटी कुठं दाखवलीय? कुठंच नाही. देताना देऊ. आता कंपनी सगळी देणी घेणार म्हणल्यावर हे देणं पुस्तकात आणायलाच पाहिजे ना. हिशोब काढला तर २२ लाख आले. ते फर्मचा खर्च, म्हणून नफ्याच्या प्रमाणात तिघांवर पडले, ८.८, ८.८ आणि ४.४ लाख. उरलं काय? थोरले ५१.२ लाख, धाकटे २७.२ लाख आणि पुतण्या उणे ४० हजार. ज्याचं कॅपिटलच उणे त्याला शेअर काय देणार? आणि एका पार्टनरला शेअर नाही म्हणजे अटच मोडली. तेव्हा क्रम लक्षात ठेवा, आधी न दाखवलेली देणी पुस्तकात, मग कॅपिटलची जुळवाजुळव, मग अर्ज. उलटं केलं की दोनदा करावं लागतं.

जुळवणी अशी केली. एकूण कॅपिटल राहिलं ७८ लाख, ४०:४०:२० करायचं तर ३१.२, ३१.२ आणि १५.६ लाख पाहिजेत. म्हणजे थोरल्यांनी २० लाख काढायचे, धाकट्यांनी ४ घालायचे, पुतण्याने १६ घालायचे. थोरल्यांनी काढलेल्या २० मधले १६ लाख मुलाला गिफ्ट दिले, बाप-लेकाच्या गिफ्टला टॅक्स नाही आणि मुलगा सज्ञान म्हणून त्याचं उत्पन्न बापाच्या डोक्यावर येत नाही, बायकोच्या नावाने केलं असतं तर आलं असतं. धाकट्यांनी एफडी मोडून ४ लाख आणले. पैसे खरोखर बँकेतून गेले-आले, नुसती जर्नल एंट्री मारली नाही, आणि हे रूपांतराच्या आदल्या आर्थिक वर्षात उरकलं, ऐन तोंडावर नाही. बँकेला आधी सांगितलं, कारण कॅश क्रेडिटच्या, म्हणजे सीसीच्या मंजुरीपत्रात बहुतेक लिहिलेलं असतं की पार्टनरने भांडवल काढायचं नाही. शेवटी १० रुपयांचे ७ लाख ८० हजार शेअर झाले, ३,१२,०००, ३,१२,००० आणि १,५६,०००.

एक मोह टाळा. बरेच जण म्हणतात कॅपिटलमधले थोडे शेअर देऊ आणि बाकीचे पार्टनरचं अनसिक्युअर्ड लोन म्हणून कंपनीत दाखवू, म्हणजे पाहिजे तेव्हा काढता येतील. हे झालं "शेअर सोडून दुसरा फायदा", यावर वाद झालेले आहेत, कशाला अंगावर घेता. कॅपिटल आणि करंट अशी दोन खाती असतील तर आधीच एक करून टाका. आणि ऐन वेळी जमीन, लूम यांचं मूल्य वाढवून कॅपिटल फुगवू नका, बँकेला बॅलन्सशीट छान दिसते पण प्रश्न ओढवून घेता.

आता अर्जाची पायरी, ही मी भराभर सांगतो कारण हे तुमचा सीए-सीएसच करणार. फर्म रजिस्टर नसेल तर आधी करून घ्या आणि डीड आत्ताच्या पार्टनरांप्रमाणे ताजं करा. मग नाव राखून घ्यायचं, बँकेचं ना हरकत पत्र, सीएने सर्टिफाय केलेलं मालमत्ता-देण्यांचं पत्रक, पार्टनरांची अफिडेव्हिट की फर्म विसर्जनाचे कागद रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे देऊ, आणि एक इंग्रजी एक मराठी पेपरात यूआरसी-२ ची जाहिरात. मग यूआरसी-१ आणि स्पाइस प्लस हे रजिस्ट्रेशनचे फॉर्म. अडतं कुठं, तर जाहिरातीवर हरकतीला २१ दिवस द्यावे लागतात आणि राखलेलं नाव टिकतं २० दिवस! कोणी केलं हे गणित देव जाणे. नावाची मुदत वाढवून मिळते, ४० दिवसांपर्यंत १००० रुपये, आणि सुरुवातीलाच ६० पर्यंत घेतली तर ३०००, ते भरूनच टाका. आणि बँकेच्या पत्राला सगळ्यात जास्त वेळ लागतो, कारण शाखा वर पाठवते आणि वरून कोणी तरी विचारतं "लोन ट्रान्सफर की नवीन सँक्शन?", म्हणून त्याची सुरुवात नावाच्या दोन महिने आधी करा. पर्सनल गॅरंटी बँक सोडत नाही, ती आशा ठेवू नका. कंपनी झाल्यावर नवी कर्जकागदपत्रं होतील, तेव्हा चार्जचा, म्हणजे बँकेच्या बोजाचा सीएचजी-१ फॉर्म तीस दिवसांत भरा.

सर्टिफिकेट कोणत्या तारखेला येईल ते आपल्या हातात नसतं. १० तारखेला आलं तर ९ पर्यंत फर्म, १० पासून कंपनी, त्या वर्षाची दोन पुस्तकं, दोन रिटर्न, घसारा दिवसांप्रमाणे वाटून. म्हणून त्या आठवड्यात रोज संध्याकाळी स्टॉकची यादी लिहून ठेवायला लावतो मी, सूत किती किलो, लूमवर किती, हेमिंगला किती, तयार गठ्ठे किती.

पॅन बदलतो म्हणून जीएसटी नंबर पण बदलतो. फर्मच्या खात्यावरचं खरेदीच्या जीएसटीचं क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने नव्या नंबरावर न्यायचं, त्यात सीएचं सर्टिफिकेट लागतं आणि कंपनीने पोर्टलवर जाऊन ते स्वीकारावं लागतं. इथं माझ्या स्वतःच्या ऑफिसात एकदा माती खाल्लेली आहे. आमच्या पोराने उत्साहाच्या भरात जुना नंबर आधी कॅन्सल करून टाकला, आयटीसी-०२ नंतर करू म्हणून, आणि मग पोर्टल भरूच देईना, सूत खरेदीचं साडेपाच लाखांचं क्रेडिट लटकलं. अर्ज, सुनावणी, चार महिने गेले, क्लायंटला फोन करायला तोंड नव्हतं माझ्याकडे. तेव्हापासून आमच्याकडे नियमच आहे, फर्मची सगळी रिटर्न भरा, आयटीसी-०२ टाका, कंपनीने स्वीकारलं आणि लेजरला रक्कम दिसली की स्क्रीनशॉट फाइलला लावा, मग जुना नंबर बंद. धंदा चालू स्थितीत जातोय म्हणून त्या जाण्यावर जीएसटी नाही. नवा नंबर यायला चार दिवस लागले तर त्या मधल्या दिवसांची बिलं नंबर आल्यावर महिन्याच्या आत रिव्हाइज्ड इन्व्हॉइस करून नीट करता येतात, पण शहाणपणा हा की मोठ्या ऑर्डरची गाडी आधीच भरून सोडा.

आता कामगार. इथं एकच गोष्ट मनावर घ्या, कोणाकडूनही राजीनामा लिहून घ्यायचा नाही. काही लेबर कन्सल्टंट सोपं पडतं म्हणून सगळ्यांचे राजीनामे घेतात आणि दुसऱ्या दिवशी कंपनीची नेमणूक पत्रं देतात. म्हणजे तुम्हीच सर्व्हिस तोडली. ज्याची पाच वर्षं झाली त्याची ग्रॅच्युइटी तिथंच देय झाली, ३० दिवसांत द्या, अशा सगळ्यांची एकदम. आणि ज्याची साडेतीन वर्षं झालेली तो परत शून्यावर. तेव्हा कामगारांची कुजबुज खोटी नाही, अशा कारखान्यांची उदाहरणं त्यांनी पाहिलेली आहेत.

जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात २५-एफएफ कलम होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय, तिच्यातही तोच नियम आहे. धंदा एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला तर कामगाराला कपातीसारखी भरपाई द्यावी लागते, पण तीन गोष्टी असल्या तर द्यावी लागत नाही: नोकरीत खंड नाही, अटी पूर्वीपेक्षा वाईट नाहीत, आणि पुढं कधी कपात झालीच तर नवा मालक जुनी सर्व्हिस धरून भरपाई द्यायला बांधलेला आहे. या तिन्ही गोष्टी लेखी पाहिजेत. प्रत्येकाला एक पानाचं पत्र, मराठीत, फर्म आणि कंपनी दोघांच्या सहीचं. त्यात "आपण दिनांक अमुक पासून कामावर आहात व ती तारीख कायम धरली जाईल" हे वाक्य आणि ती तारीख. कामगाराची सही फक्त "पत्र मिळाले" म्हणून. शिल्लक रजा, पगार, यूएएन, ईएसआयचा आयपी नंबर, सगळं त्याच पानावर.

ती तारीख लिहायला गेलं की खरी परीक्षा. त्या केसमध्ये एक जॉबर होते, पंचावन्न-छप्पन वय, घरी तेलुगू बोलणारे, मराठी बोलतात छान पण वाचत नाहीत. मस्टरला तारीख २०१२. पत्र हातात दिलं, पोराने वाचून दाखवलं, त्यांनी पत्र परत टेबलावर ठेवलं. काही बोलले नाहीत. मी म्हटलं काय झालं मामा. म्हणाले, "हे लूम २००६ ला मी बसवलंय, त्या वेळेला हा मालक शाळेत होता." खरं होतं. पहिली सहा वर्षं कच्च्या वहीत होते, मस्टरला घेतले तेव्हा पीएफचं काही तरी जुळवलेलं. ग्रॅच्युइटीला पगार १५,६०० धरला तर २६ ने भागून दिवसाचे ६००, वर्षाला १५ दिवसांचे ९,०००, म्हणजे २०१२ पासूनच्या १३ वर्षांचे १,१७,००० आणि २००६ पासून १९ वर्षांचे १,७१,०००. चौपन्न हजाराचा फरक एका माणसाचा. थोरल्यांनी मान्य केलं, पत्र बदललं. मी हे मालकाच्या बाजूने सांगतोय बरं का, कारण ही तारीख आज घरच्या घरी सुटते, उद्या त्यांच्या रिटायरमेंटला ग्रॅच्युइटीच्या कंट्रोलिंग अथॉरिटीपुढे लूमच्या जुन्या बिलावरची त्यांची सही निघाली की व्याजासकट द्यावी लागते. कांडी भरणाऱ्या आणि हेमिंगच्या बायकांची पण तारीख अशीच तपासा, त्यांची हमखास चुकलेली असते. आणि नव्या संहितेत वेतनाची व्याख्या बदललीय, भत्ते एकूणच्या ५० टक्क्यांवर गेले तर वरचे वेतनात धरतात, त्यामुळे तुटपुंजं बेसिक आणि ढीगभर भत्ते असा पगार असेल तर ग्रॅच्युइटीचा आकडा जुन्या हिशोबापेक्षा मोठा येईल.

पीएफचा सापळा वेगळा आहे. कंपनी रजिस्टर करताना अजाइल प्रो-एस फॉर्ममधून पीएफ आणि ईएसआयचे नवे कोड आपोआप येतात, मागा नाही मागा. म्हणजे फर्मचा जुना कोड एक, कंपनीचा नवा एक. अकाउंटंट काय करतो, पुढच्या महिन्यात नव्या कोडवर चलन भरतो, जुन्यावर सगळ्यांची एक्झिट टाकतो आणि विसरतो. मग कामगाराच्या मोबाइलवर दोन मेंबर आयडी दिसतात, कोणी तरी नेट कॅफेवाला सांगतो "निघतात पैसे, काढून देतो" आणि तो पीएफ आणि पेन्शनचे पैसे काढायचे फॉर्म १९ आणि १०-सी भरून टाकतो. पेन्शनला १० वर्षं सर्व्हिस लागते, सात वर्षं झालेल्याने १०-सी ने पैसे उचलले की ती सात वर्षं पुसली गेली, परत पहिल्यापासून. दिवाळीला हातात थोडे आले आणि म्हातारपणाची पेन्शन गेली.

म्हणून पीएफ ऑफिसला आधी पत्र द्या, इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट आणि नवा पॅन लावून, की मालकीची रचना बदललीय, जुन्या कोडची जबाबदारी कंपनी घेतेय. जुनाच कोड नाव बदलून चालू ठेवता आला तर उत्तम. नव्या कोडवरच जायचं ठरलं आणि सर्टिफिकेट १० तारखेचं असेल तर जुन्यावर एक्झिट ९ तारीख, नव्यावर जॉइनिंग १० तारीख, मधे एक दिवस पण मोकळा नको, यूएएन तोच, आणि प्रत्येकाचा फॉर्म १३ ने ट्रान्सफर तुमच्या ऑफिसनेच बसून करून द्या. कामगाराला एकच वाक्य सांगा, पासबुकात जुनी रक्कम नव्या खात्यात दिसेपर्यंत कुठल्याही फॉर्मवर अंगठा नाही. ईएसआयला पण आयपी नंबर तोच जोडायचा, नवीन काढायचा नाही, नाही तर आजारपणाच्या पैशाला लागणारे ७८ दिवस दोन नंबरांत वाटले जातात आणि बाई बाळंतपणाला गेली की दवाखान्यात कळतं.

बोनसबद्दल पुतण्या नक्की विचारणार, "नवी कंपनी आहे ना, सुरुवातीची वर्षं सूट असते". नसते. कायद्यातच लिहिलंय की नुसतं नाव, मालकी, जागा बदलली म्हणून आस्थापना नवी होत नाही. ८.३३ टक्के आहे तसा द्यावाच लागतो. दिवाळीच्या तोंडावर कंपनी झाली तर त्या वर्षीचा फर्मच्या काळाचा बोनस पण देण्यांच्या यादीत धरा, त्याने पण कॅपिटल हलतं.

मालकांना बदलायची एक सवय सांगतो, गल्ल्यातून उचल बंद. फर्ममध्ये पार्टनर पैसे काढतो ते त्याच्या कॅपिटलमधून, कंपनीत डायरेक्टरने तसे काढले तर ते लोन, कंपनी कायद्याला सहसा चालत नाही आणि इन्कम टॅक्स त्याला डिव्हिडंड म्हणतो. तिघांचा पगार ठरवा आणि घरच्या बायकांना आधी सांगा, कारण महिना अखेरीला फोन त्यांचाच येतो.

सर्टिफिकेट आल्यावर फर्मचं बँक खातं लगेच बंद करू नका. हैदराबाद, नागपूरचे व्यापारी सहा-आठ महिने जुन्याच नावाने चेक पाठवतात, कितीही पत्रं लिहा. आमच्या केसमध्ये शेवटचा जुन्या नावाचा चेक अकराव्या महिन्यात आला, एक लाख चाळीस हजाराचा. मॅनेजरला आधीच ठराव देऊन ठेवला होता की या खात्यात येईल ते कंपनीच्या खात्यात वळवायचं, म्हणून तो वटला. तुम्ही येताना मागच्या तीन वर्षांची बॅलन्सशीट, डीड, प्लॉटचा लीज कागद, सीसीचं मंजुरीपत्र आणि मस्टर घेऊन या. मस्टर जुनं पण, आणि कच्ची वही असेल तर ती सुद्धा.